भाडेखरेदीवरचे व्हीएमसी : चार हप्ते थकले, मशीन नक्की कोणाचे आणि ते उचलून नेता येते का?

शिरोलीकर

शिरोली एमआयडीसीत माझ्या थोरल्या भावाचा आणि माझा भागीदारीत जॉबवर्कचा छोटा व्यवसाय आहे. फौंड्रीतून आलेल्या पंप हाउसिंग आणि व्हॉल्व्ह बॉडी यांचे मशीनिंग आम्ही करतो. अडीच वर्षांपूर्वी आम्ही एक व्हीएमसी, म्हणजे धातूचे भाग कापून घडवणारे संगणकचालित मशीन, फायनान्स कंपनीमार्फत भाडेखरेदीवर घेतले. मशीनची किंमत ३० लाख आणि जीएसटी ५ लाख ४० हजार होता. त्यातील ८ लाख ४० हजार आम्ही सुरुवातीला भरले आणि उरलेल्या २७ लाखांवर सरळ ९ टक्के दराने चार वर्षांचा आकार लावून ७६,५०० रुपयांचे ४८ हप्ते ठरले. आतापर्यंत ३० हप्त्यांची मुदत उलटली असून २६ हप्ते भरले आहेत. मुख्य गिऱ्हाइकाने बिले अडवून ठेवल्यामुळे मागचे चार राहिले.

गेल्या आठवड्यात कंपनीच्या वसुली अधिकाऱ्याने करार संपुष्टात आणल्याचे पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. उरलेले सर्व २२ हप्ते, म्हणजे १६ लाख ८३ हजार, सात दिवसांत भरावेत, नाही तर मशीनचा ताबा घेतला जाईल, असे त्यात लिहिले आहे. जवळजवळ वीस लाख हप्त्यांत आणि आठ लाखांहून अधिक सुरुवातीला भरल्यावरही मशीन आमचे नाही, असे ते म्हणतात. हे खरे आहे का? आणि ते शेडमध्ये येऊन मशीन नेऊ शकतात का?

वाळवेकर

दादा, मुळीच घाबरू नका. न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय कोणीही तुमच्या मशीनला हात लावू शकत नाही. कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याप्रमाणे आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या पत्राला काही किंमत नाही. शिवाय तुम्ही निम्म्याहून जास्त रक्कम भरलेली आहे, त्यामुळे भाडेखरेदीच्या कायद्यानेच त्यांचा ताबा घेण्याचा हक्क संपतो.

पिवळी_मशीन

माझ्या बॅकहो लोडरचेही असेच झाले होते. आरटीओत जाऊन नोंदणी पुस्तक तपासा. त्यावर फायनान्स कंपनीचे नाव असेल तर ना हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म मिळेपर्यंत गाडी विकता येत नाही, एवढेच. मालक म्हणून नाव मात्र तुमचेच लागते.

करारवाचक

पिवळी_मशीन, आपला अनुभव नोंदणी होणाऱ्या वाहनाचा आहे. मोटार वाहन कायद्यात भाडेखरेदीवरच्या गाडीचा ताबा ज्याच्याकडे असतो त्यालाच त्या कायद्यापुरता मालक धरले जाते, म्हणून पुस्तकावर आपले नाव होते. व्हीएमसीला आरटीओ नाही आणि नोंदणी पुस्तकही नाही. तिथे मालकी कागदांच्या साखळीवरून ठरवावी लागते.

वाळवेकरांच्या उत्तरात थोडे तथ्य आहे, पण शिरोलीकरांनी त्यावर विसंबून राहू नये. निम्मी रक्कम भरल्याचा जो आधार त्यांनी दिला तो १९७२ च्या भाडेखरेदी कायद्यातला असावा. ठरावीक हिस्सा भरून झाल्यावर मालकाने न्यायालयामार्फतच ताबा मागावा, अशी तरतूद त्या कायद्यात खरोखर होती. परंतु संसदेने संमत केलेला तो कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २००५ मध्ये तो रद्द करण्यात आला. त्यामुळे आपल्याकडे भाडेखरेदीला स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्री कायदा, न्यायालयांचे निकाल आणि तुम्ही सही केलेला करारनामा यांवरच सगळे चालते. मी अनेक वर्षे एका वित्त कंपनीच्या कायदा विभागात असे करारनामे तयार करण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगते की करारनाम्यावर मोठ्या अक्षरांत ‘भाडेखरेदी’ छापलेले असले तरी आतला व्यवहार पुष्कळदा साधे कर्ज असतो, आणि या दोन्हींत ताब्याचा हक्क वेगवेगळ्या पायावर उभा असतो.

शिरोलीकर, तीन गोष्टी पाहून सांगा. मशीन विकणाऱ्याचे मूळ टॅक्स इनव्हॉइस कोणाच्या नावाचे आहे? सर्व हप्ते भरल्यावर मशीन घेण्याचा ‘पर्याय’ तुम्हाला आहे, असे कलम करारात आहे का? आणि मुदत संपण्याआधी मशीन परत करून करार संपवण्याची मुभा तुम्हाला दिली आहे का?

शिरोलीकर

ताई, कागद काढून पाहिले. मशीनवाल्याचे इनव्हॉइस फायनान्स कंपनीच्या नावाचे असून ‘माल पोहोचवण्याचा पत्ता’ म्हणून आमची शेड दिली आहे. फायनान्स कंपनीने आम्हाला वेगळे इनव्हॉइस दिले आणि सगळा जीएसटी त्यावर पहिल्याच दिवशी लागला होता. त्याचे क्रेडिट आम्ही घेतले. करारात असे आहे की शेवटचा हप्ता भरल्यावर ५०० रुपये देऊन मशीन विकत घेण्याचा पर्याय भाडेकऱ्याला राहील. थकबाकी चुकती करून मशीन परत केल्यास भाडेकरू करार संपवू शकतो, असेही एक कलम आहे. मात्र सही करताना त्यांनी आमच्याकडून संपूर्ण रकमेची एक वचनचिठ्ठीही लिहून घेतली होती. मशीनच्या स्तंभावर कंपनीच्या मालकीची पितळी पट्टी रिव्हेट केलेली आहे. तिच्याकडे आम्ही कधी गांभीर्याने पाहिले नव्हते.

करारवाचक

मग मालकीच्या बाबतीत कागद कंपनीच्या बाजूचे आहेत, हे आधी मान्य करावे लागेल. कंपनीने मशीन स्वतः विकत घेतले आणि तुम्हाला वापरायला दिले. तुमचा हप्ता म्हणजे अंशतः वापराचे भाडे आणि अंशतः पुढे होणाऱ्या खरेदीच्या किमतीचा भाग. तुम्ही पर्याय वापरेपर्यंत विक्री पूर्ण होत नाही, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या १८९५ च्या हेल्बी निकालापासून चालत आले आहे आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते स्वीकारले आहे. म्हणून २६ हप्ते भरल्याने मशीनचा २६/४८ हिस्सा तुमचा झाला, असे होत नाही. मालकी हप्त्यागणिक थोडी थोडी सरकत नाही. ती अखेरीस एकदमच येते. याचाच दुसरा परिणाम असा की हे मशीन तुम्ही कोणाला विकले, तर घेणाऱ्यालाही चांगली मालकी मिळत नाही आणि तुमच्यावर विश्वासघाताची फौजदारी तक्रार होऊ शकते. अडचणीतले लोक नेमके हेच करून बसतात.

वचनचिठ्ठीमुळे मात्र चित्र थोडे गढूळ होते. सुंदरम फायनान्स विरुद्ध केरळ राज्य या १९६६ च्या विक्रीकराच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे म्हटले की कागदाचा आकार भाडेखरेदीचा असला तरी मूळ हेतू कर्ज देण्याचा असेल, तर तो व्यवहार कर्जाचाच मानावा. त्या प्रकरणात ग्राहकाने गाडी आधी स्वतः घेतलेली होती आणि वचनचिठ्ठीही दिली होती. तुमच्याकडे मशीन थेट कंपनीने घेतले आहे, हा मोठा फरक आहे. तरीही मशीन परत केल्यावरही पूर्ण रक्कम वचनचिठ्ठीवर वसूल करू, अशी भूमिका कंपनी घेणार असेल, तर परत करण्याची मुभा नावापुरतीच होती आणि हे कर्जच आहे, असा युक्तिवाद तुमच्या वकिलांना करता येईल. तो टिकेलच असे मी म्हणणार नाही.

वाळवेकर

१९७२ च्या कायद्याबद्दल माझे चुकले, हे मान्य करतो. पण ६० दिवसांची नोटीस तरी द्यावीच लागेल ना?

करारवाचक

सरफेसी कायद्याचा मार्ग वापरायचा असेल तरच. शिरोलीकरांना आलेल्या पत्रात त्या कायद्याचा उल्लेख दिसत नाही. कंपनी करारातील कलमावर बोट ठेवून मालक या नात्याने मशीन मागते आहे. मॅग्मा फिनकॉर्पच्या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भाडेखरेदीत शेवटच्या हप्त्यापर्यंत वित्त कंपनीच मालक असते, आणि ताबा घेण्याआधी नोटीस द्यायची की नाही हे करारावर अवलंबून असते. करारात नोटिशीची अट असेल तर ती पाळावीच लागते. मात्र त्या प्रकरणात नोटीस नीट न दिल्याबद्दल ग्राहकाला किरकोळ भरपाई मिळाली, गाडीचा ताबा घेणे बेकायदा ठरले नाही. त्यामुळे नोटिशीतल्या दोषाने वेळ मिळू शकतो, मशीन मिळतेच असे नाही. शिरोलीकर, नोटिशीचे कलम नेमके काय म्हणते?

शिरोलीकर

‘सलग दोन हप्ते थकल्यास नोंदणीकृत टपालाने पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन मालकास करार संपुष्टात आणता येईल.’ आमच्याकडे टपालाने काहीही आलेले नाही, आणि पत्रात मुदत सात दिवसांची आहे.

करारवाचक

हा तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. आजच नोंदणीकृत टपालाने उत्तर पाठवा. करारातील कलमाप्रमाणे नोटीस मिळालेली नाही, म्हणून करार अजून अस्तित्वात आहे, आणि थकलेले चार हप्ते अमुक तारखांना भरण्याची आमची तयारी आहे, असे लिहा. दोन हप्ते तरी त्याबरोबर भरता आले तर फार बरे. करार रीतसर संपुष्टात येण्याआधी थकबाकी भरली गेली तर कंपनीची जागा बरीच आवळली जाते. संपुष्टात आल्यानंतर मात्र तेच पैसे घेऊन करार पुन्हा जिवंत करायचा की नाही, हे सर्वस्वी त्यांच्या हाती जाते.

जुनी_मशिनरी

कायद्याचे ताई सांगतीलच, मी उचलण्याचे सांगतो, कारण वापरलेली मशीन घेण्या-विकण्याचाच माझा धंदा आहे. असे व्हीएमसी पाच-सहा टनांचे असते. ते रात्रीत टेम्पोत घालून नेता येत नाही. वीज आणि हवेची लाइन सोडवावी लागते, कूलंट उपसावे लागते, टेबल आणि हेड वाहतुकीच्या क्लॅम्पने बांधावे लागतात, मग हायड्रा क्रेन आणि ट्रेलर. शेडच्या दारातून हायड्राचा बूम आत जात नसेल तर रोलरवर ओढून बाहेर काढावे लागते. या सगळ्याला सहकार्य करणारा मालक नसेल तर अर्धा दिवस सहज जातो. क्लॅम्प न लावता उचललेल्या मशीनची भूमिती बिघडते आणि किंमत तिथेच पडते. शेडमध्ये वीज जोडून चालताना दाखवलेल्या अशा मशीनला आज मी तेरा लाखांपर्यंत देईन. तेच गोदामात ताडपत्रीखाली असेल तर साडेनऊच्या वर जाणार नाही, कारण स्पिंडलचा आवाज ऐकायलाच मिळत नाही.

करारवाचक

हे फार उपयोगाचे आहे, कारण यामुळेच मोठ्या मशीनच्या बाबतीत कंपन्या दंडेली करण्यापेक्षा बहुधा न्यायालयात जातात. करारात लवादाचे कलम असते. लवाद सुरू होण्याआधीच १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज करून त्या न्यायालयाच्या वतीने ताबा घेणारा रिसीव्हर नेमून घेतात आणि गरज पडल्यास पोलीस बंदोबस्त मागतात. रिसीव्हर आदेश घेऊन आला तर त्याला अडवू नका. तो अडथळा कंपनीला नव्हे, न्यायालयाला होतो. आदेशाविना पाच-सात माणसे आली तर मात्र तुम्ही फाटक उघडण्यास बांधील नाही. मालकाने स्वतःची वस्तू घेतली तर ती चोरी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे, पण त्याच न्यायालयाने आयसीआयसीआय बँकेच्या २००७ च्या आणि सिटीकॉर्प मारुतीच्या २०११ च्या निकालांत वसुलीसाठी दांडगाई चालणार नाही, ताबा कायदेशीर मार्गानेच घ्यावा, असेही बजावले आहे. कुलूप तोडणे, कामगारांना धमकावणे हा मालकी हक्काचा भाग नाही. मालकीचा वाद आणि फाटकाचा वाद वेगळे ठेवा. पोलीस ठाण्यात गेलात तर तक्रार फक्त फाटकाच्या वादाचीच द्या, नाही तर ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतील.

ताळेबंद

मी सनदी लेखापाल आहे. १६ लाख ८३ हजार हा आकडा मला खटकतो. २७ लाखांवर ९ टक्के सरळ दराने चार वर्षांचा वित्तीय आकार ९ लाख ७२ हजार होतो आणि तो ४८ हप्त्यांत वाटलेला आहे. (सरळ ९ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे १६ टक्के, हे जाता जाता सांगून ठेवतो.) थकलेले चार हप्ते, म्हणजे ३ लाख ६ हजार, निर्विवाद देणे आहे. पुढच्या १८ हप्त्यांचे १३ लाख ७७ हजार आजच मागायचे असतील तर त्यांतला अजून न पिकलेला आकार वजा व्हायला हवा. या धंद्यात चालणाऱ्या अंकांच्या बेरजेच्या पद्धतीने १ ते ४८ ची बेरीज १,१७६ आणि शेवटच्या १८ ची १७१ येते. ९,७२,००० गुणिले १७१ भागिले १,१७६, म्हणजे साधारण १ लाख ४१ हजार ३३७ रुपये. ते वजा करून थकबाकी मिळवली की आकडा १५ लाख ४१ हजार ६६३ च्या आसपास येतो. कंपनीने सूट देण्याची पद्धत करारात लिहिली असेल तर ती लागू होईल, पण सूट शून्य का, हे लेखी विचारा.

मशीन नेऊन लिलावात साडेनऊ लाख आले, तर कमी पडलेले सुमारे ५ लाख ९२ हजार तुमच्या नावावर राहतील. तुम्ही स्वतः तेराला गिऱ्हाईक आणले आणि कंपनीने ना हरकत दिली, तर तूट २ लाख ४२ हजारांवर येते. हा साडेतीन लाखांचा फरक केवळ मशीन कोणी आणि कुठे दाखवून विकले यातून येतो.

वाळवेकर

पण मशीन घेऊन गेल्यावर तूट कसली? मशीन त्यांचे, ते त्यांनी नेले, विषय संपला.

करारवाचक

शुद्ध भाडेखरेदीत वाळवेकरांचे म्हणणे बरेचसे योग्य आहे. वस्तू मालकाकडे परत गेली की वापराचे पुढचे भाडे कशाचे मागणार? म्हणूनच करारनामे लिहिताना आम्ही ‘नुकसानभरपाई’चे कलम घालत असू, ज्यात उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. अशा कलमाला करार कायद्याच्या कलम ७४ ची मर्यादा आहे : आकडा करारात लिहिला म्हणून तो जसाच्या तसा मिळत नाही, फार तर तेवढ्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. मशीनही ठेवून घ्यायचे आणि उरलेले हप्तेही पूर्ण मागायचे, हे त्यात बसवणे अवघड आहे. उलट प्रश्नही आहे. लिलावात देण्यापेक्षा जास्त पैसे आले तर वाढावा कोणाचा? कर्ज आणि तारण असेल तर तो निःसंशय कर्जदाराचा. खरी भाडेखरेदी असेल तर मालकाचा, असे कंपनी म्हणेल. तूट वसूल करताना ‘हे कर्ज आहे’ आणि वाढावा ठेवताना ‘आम्ही मालक आहोत’ असे दोन्ही पवित्रे मी एकाच कंपनीचे पाहिले आहेत. लवादापुढे यावर काय होईल, हे तुमच्या कागदांवर आणि लवादावरही अवलंबून राहील. लवाद एकट्या कंपनीनेच नेमला असेल तर मात्र तिथेच हरकत घ्या. वादात स्वारस्य असलेल्या पक्षाने एकतर्फी लवाद नेमू नये, असे २०१९ पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे.

तळेगाव_फोर्कलिफ्ट

धागा भाडेखरेदीचा आहे, पण आमचा प्रसंग लीजचा असल्याने लिहितो. आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने तीन फोर्कलिफ्ट पाच वर्षांच्या लीजवर घेतले. हप्ता पाहून मला ते भाडेखरेदीसारखेच वाटले होते. तिसऱ्या वर्षी एकाचे ट्रान्समिशन गेले, दीड महिना तो उभा राहिला, तरी भाडे चालूच; कारण करारात लिहिले होते की यंत्र चालो वा न चालो, भाडे द्यावेच लागेल आणि दुरुस्ती आमच्याकडे. मुदत संपल्यावर विकत घेण्याचा हक्कही नव्हता, एक तर परत करा किंवा नाममात्र भाड्यावर पुढे चालवा. त्यातच आमच्या बँकेच्या तपासणी अधिकाऱ्याने कॅश क्रेडिटच्या तारण यादीत तेच फोर्कलिफ्ट लिहून घेतले होते. आमची कंपनी आर्थिक अडचणीत आली तेव्हा बँक आणि लीज कंपनी दोघेही त्यांच्यावर हक्क सांगू लागले.

करारवाचक

त्यात बँकेची बाजू लंगडी आहे. कर्जदाराच्या मालकीचे नसलेले यंत्र ‘सध्याची व भविष्यातील सर्व यंत्रसामग्री’ या शब्दांनी तारण होत नाही. शिरोलीकर, तुमच्या बँकेच्या यादीत हे व्हीएमसी आहे का, ते पाहा आणि असेल तर लेखी दुरुस्त करून घ्या.

फोर्कलिफ्टवाल्यांच्या बाबतीत आणखी एक फरक पडतो. ती कंपनी असल्याने तिच्यावर दिवाळखोरी संहितेची प्रक्रिया दाखल करून घेतली गेली, तर कलम १४ मधील स्थगितीमुळे खरा मालक असलेल्या लीज कंपनीलाही कंपनीच्या ताब्यातले यंत्र त्या काळात परत नेता येत नाही. २०२३ मध्ये गो फर्स्टच्या विमानांबाबत नेमके हेच घडले आणि त्यानंतर केंद्राने विमानांना त्या स्थगितीतून वगळले. फोर्कलिफ्टला ती सूट नाही. भागीदारी संस्थेला मात्र ही ढाल मिळत नाही, आणि तुम्ही दोघे भाऊ या देण्याला व्यक्तिशः बांधील आहात.

शिरोलीकर

सर्वांचे आभार. उत्तर नोंदणीकृत टपालाने गेले, दोन हप्तेही भरले. कंपनीच्या शाखाधिकाऱ्याने सोमवारी बोलावले आहे. बँकेच्या यादीत मशीन होते. काढायला अर्ज दिला. एक शंका राहिली. मशीनवर आम्ही स्वखर्चाने चौथ्या अक्षाचे रोटरी टेबल बसवले आहे, साधारण साडेतीन लाखांचे, आणि टूल होल्डरही आमचे आहेत. ताबा घ्यायची वेळ आलीच तर ते कोणाचे?

जुनी_मशिनरी

होल्डर तुमचेच, ते कोणी मशीन म्हणून धरत नाही. रोटरी टेबलवर मात्र नेहमी भांडण होते. बोल्ट काढले की टेबल सुटते, पण त्याचा ड्राइव्ह आणि केबल मशीनच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बसवलेली असते, आणि चौथा अक्ष चालू असलेल्या मशीनला लिलावात भाव जास्त येतो, म्हणून ते सोडायला तयार नसतात.

करारवाचक

करारात ‘जोडलेल्या वस्तू मशीनचा भाग होतील’ असे कलम बहुतेक वेळा असते. तुमच्या करारात ते कसे लिहिले आहे, त्यावर बरेच अवलंबून आहे. बदललेला बॉलस्क्रू किंवा बेअरिंग मशीनमध्येच जिरते, त्यावर वाद नको. मशीनला इजा न करता सुटणाऱ्या रोटरी टेबलवर तुमचा दावा मजबूत आहे, पण ड्राइव्हवर तितका नाही. टेबलचे तुमच्या नावाचे इनव्हॉइस, बसवल्याची तारीख आणि छायाचित्रे सोमवारीच सोबत न्या आणि बोलण्यांच्या टिपणीत त्याचा उल्लेख करून घ्या. रिसीव्हर दारात आल्यावर पाना हातात घेऊन ते सोडवू लागलात, तर मालमत्ता लपवल्याचा आरोप अंगावर येईल.

ताळेबंद

आणि टेबलचा घसारा तुमच्या वहीत वेगळा दाखवलेला आहे ना? तो मशीनच्या किमतीत मिसळलेला असेल तर सोमवारच्या आत तुमच्या हिशेबनिसाला फोन करा.

शिरोलीकर

मिसळलेला आहे. आत्ताच फोन करतो.